टेफ्लॉन स्टॉपकॉकचं २५० मिली सेपरेटिंग फनेल: सत्रभराच्या वापरानंतर

आमच्या विदर्भातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जुनी काचेच्या स्टॉपकॉकची सेपरेटिंग फनेल्स होती. गेल्या सत्रात त्यांच्या जागी टेफ्लॉन स्टॉपकॉकची, नाशपातीच्या आकाराची २५० मिलीची फनेल्स घेतली. बीएस्सीचे विद्यार्थी त्यांत मुख्यतः चहातलं कॅफिन डायक्लोरोमिथेनने काढतात. बेंझोइक आम्लाचं पाणी आणि टोल्युइन यांच्यातलं वितरण मोजायलाही तीच वापरली. खरेदीच्या वेळी मला जो प्रश्न पडला होता तोच विद्यार्थ्यांना पडतो: द्रावक एकदम ओतायचा की थोडाथोडा? फनेल केवढं घ्यायचं, हे त्याच उत्तरावर ठरतं, म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच लिहितो.

आधी वस्तूबद्दल. काचेच्या स्टॉपकॉकला ग्रीस लावावं लागतं, आणि डायक्लोरोमिथेन ते ग्रीस थोडं थोडं धुऊन नेतं. द्रावक उडवून कॅफिनचं वजन केलं की त्यात ग्रीसही मोजलं जातं. तीन वेळा काढायचं म्हणजे स्टॉपकॉक तीनदा उघडायचा, म्हणजे ही घाण तिपटीने यायची. टेफ्लॉनला ग्रीस लागतच नाही, एवढ्या एका गोष्टीसाठीही जादा पैसे वसूल होतात. मात्र टेफ्लॉन काचेपेक्षा तापमानाने बरंच जास्त प्रसरण-आकुंचन पावतं आणि दाबाखाली हळूहळू पसरतं. काही आठवड्यांनी नट थोडा ढिला पडतो आणि खाली थेंब दिसू लागतात. म्हणून प्रयोगाआधी पाणी भरून काही मिनिटं टांगून ठेवायचं आणि गळती दिसली तर नट किंचित आवळायचा, ही आता आमची सवय आहे. ठेवून देताना तो सैल करून ठेवतो.

आता मुख्य मुद्दा. एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रावकांत एखादा पदार्थ विरघळला की समतोलाला त्याच्या दोन थरांतल्या संहतींचं गुणोत्तर ठरावीक तापमानाला स्थिर राहतं. हा नियम नर्न्स्टने १८९१ मध्ये व्यवस्थित मांडला, आणि त्यात एक अट आहे: पदार्थ दोन्ही थरांत एकाच रूपात असला पाहिजे. काढणाऱ्या द्रावकातली संहती भागिले पाण्यातली संहती या गुणोत्तराला वितरण गुणांक, म्हणजे K म्हणू. कॅफिन डायक्लोरोमिथेनमध्ये पाण्याच्या जवळपास सहापट विरघळतं. विद्राव्यतेचं गुणोत्तर म्हणजे K नव्हे, पण अंदाजासाठी K = ६ धरायला हरकत नाही.

१०० मिली पाण्यात १ ग्रॅम शुद्ध कॅफिन आहे आणि हाताशी ६० मिली डायक्लोरोमिथेन आहे असं समजा. एकदा काढल्यावर पाण्यात उरणारा अंश असा येतो:

q = V(पाणी) / (V(पाणी) + K × V(द्रावक))

सगळे ६० मिली एकदम ओतले तर q = १०० / (१०० + ३६०), म्हणजे सुमारे ०.२२. पाण्यात २२ टक्के कॅफिन राहिलं, ७८ टक्के हाती आलं. तेच ६० मिली २०-२० मिलीच्या तीन वाट्यांत वापरले, तर प्रत्येक वेळी १०० / २२० = ०.४५ एवढा अंश मागे राहतो. तीन वेळा केल्यावर ०.४५ चा घन, म्हणजे सुमारे ९ टक्के उरतं. हाती ९१ टक्के. द्रावक तेवढाच, पण मागे राहिलेलं कॅफिन निम्म्याहून कमी. कारण उघड आहे: पहिल्या वाट्याने नेलेलं कॅफिन बाहेर काढून ठेवलं की दुसऱ्या वाट्याची सुरुवात पूर्ण कोऱ्या द्रावकाने होते. एकदम ओतलेल्या ६० मिलीला मात्र स्वतःतच साठलेल्या कॅफिनशी समतोल साधावा लागतो.

मग सहा वाटे का करू नयेत? १० मिलीचे सहा वाटे केले तर ६ टक्के उरतं. तीन वाट्यांवरून सहा वाट्यांवर जाऊन मिळवलं काय, तर ३ टक्के. आणि वाटे कितीही बारीक केले तरी, तेवढ्याच द्रावकात, उरलेला अंश e चा उणे K × V(द्रावक) / V(पाणी) घात याच्या खाली जात नाही. आपल्या उदाहरणात तो जवळपास २.७ टक्के आहे. शिवाय बारीक वाट्यांना एक तोटा सूत्रात दिसत नाही. डायक्लोरोमिथेन पाण्यात थोडं विरघळतं, १०० मिली पाण्यात साधारण १ मिली. २० मिलीच्या पहिल्या वाट्यातून १ मिली गेला तर फारसं बिघडत नाही, १० मिलीतून गेला की दहावा हिस्सा गेला. पुढच्या वाट्यांना हा फटका बसत नाही, कारण पाणी तोवर त्याने संपृक्त झालेलं असतं. तीन वाटे हा आमचा पक्का नियम याच हिशोबाने ठरला.

उलट, तीन वाट्यांचा एक फायदाही सूत्रात येत नाही. खालचा थर काढताना पाणी येऊ नये म्हणून सीमारेषेच्या जरा आधी थांबावं लागतं, आणि अर्धा-एक मिली द्रावक आत राहतो. एकदाच काढलं तर तो वाया जातो. तीनदा काढलं तर पुढचा वाटा त्यातलं कॅफिनही घेऊन जातो.

पण वाटे करण्याची युक्ती सगळीकडे सारखी चालत नाही, आणि पाठ्यपुस्तकातली उदाहरणं सोडवून विद्यार्थ्यांचा नेमका उलटा समज होतो. आयोडिनचं उदाहरण घ्या. पाणी आणि कार्बन टेट्राक्लोराइड यांच्यात त्याचा K साधारण ८५ आहे. तिथे ६० मिली एकदम ओतले तरी पाण्यात २ टक्क्यांहून कमी उरतं. बहुतेक कामांना तेवढं पुरतं. आता K ०.५ आहे असं धरा. एकदम काढलं तर ७७ टक्के मागे राहतं आणि तीन वाट्यांत काढलं तर ७५. म्हणजे दोन टक्क्यांसाठी तिप्पट काम. अशा वेळी फनेल हलवत बसण्याऐवजी पाण्यात मीठ घालावं, सामू बदलावा किंवा द्रावकच बदलावा. K गुणिले द्रावकाचं आकारमान भागिले पाण्याचं आकारमान ही संख्या एकच्या वर पण फार मोठी नसते, तिथे वाटे करण्याचं खरं चीज होतं. कॅफिनच्या उदाहरणात ती ३.६ आहे.

K माहीत नसेल तर? याचं उत्तर फनेलमधूनच मिळतं आणि मला ते फार आवडतं. समान आकारमानाचे वाटे घ्या, प्रत्येक वाटा वेगळ्या, आधी वजन केलेल्या चंबूत जमवा, द्रावक उडवा, वजन करा. दुसऱ्या वाट्यातल्या वजनाला पहिल्या वाट्यातल्या वजनाने भागलं की थेट q मिळतो, आणि q वरून K. वरच्या उदाहरणात पहिल्या वाट्यात ०.५४५ ग्रॅम, दुसऱ्यात ०.२४८ आणि तिसऱ्यात ०.११३ ग्रॅम यायला हवं. दुसरं भागिले पहिलं आणि तिसरं भागिले दुसरं, दोन्ही ०.४५ च्या आसपास आले तर नियम पाळला जातोय. पुढे आणखी एक वाटा घालायचा की थांबायचं, हेही याच संख्येवरून कळतं.

ही दोन गुणोत्तरं जुळली नाहीत तर कुठेतरी पाणी मुरतंय. बेंझोइक आम्लात हे छान दिसतं. टोल्युइनमध्ये त्याचे दोन-दोन रेणू हायड्रोजन बंधांनी जोडले जाऊन जोड्या बनतात, पाण्यात ते सुटे राहतात. नर्न्स्टची एकाच रूपाची अट मोडली. टोल्युइनमधली संहती मग पाण्यातल्या संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, म्हणजे पाण्यातलं आम्ल कमी होत गेलं की साधं गुणोत्तरही घसरतं. प्रत्येक पुढचा वाटा आधीपेक्षा कमी अंश ओढतो, आणि नुसत्या K वर केलेला हिशोब प्रत्यक्षापेक्षा गोडच निघतो. दोन्ही थरांतलं आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडने मोजा, मग संहतींचं साधं गुणोत्तर काढा आणि टोल्युइनमधल्या संहतीला पाण्यातल्या संहतीच्या वर्गाने भागूनही पाहा. सुरुवातीच्या वेगवेगळ्या संहतींना दुसरी संख्या जास्त स्थिर राहते. फार विरळ द्रावणात पाण्यातल्या आम्लाचं आयनीभवनही लुडबुड करतं, तेव्हा सगळ्यात विरळ नोंदीवर भिस्त ठेवू नका.

चहाच्या बाबतीत गुणोत्तरं बिघडण्याचं कारण वेगळं: पायस. चहातली टॅनिनं द्रावकात जाऊ नयेत म्हणून उकळताना सोडियम कार्बोनेट घालतो; त्यांचे क्षार पाण्यातच राहतात, पण साबणासारखे वागतात. फनेल जोरात हलवलं की मधे तपकिरी, फेसाळ थर तयार होतो, त्यात द्रावक अडकतो आणि पहिल्या वाट्याचं कॅफिन दुसऱ्या-तिसऱ्यात येतं. त्यामुळे चहासाठी फनेल आडवं धरून सावकाश फिरवायचं, दोन-तीन मिनिटं. तरीही थर झालाच तर थोडं मीठ घालून थांबायचं, आणि तेवढ्यानेही नाही सुटला तर काचलोकरीतून गाळायचं. K मोजायचा असेल तर शुद्ध कॅफिनच घ्या, चहा नको.

विदर्भासाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. डायक्लोरोमिथेन ४० अंशांच्या जरा खालीच उकळतं. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे खोलीचं तापमानच तिथे पोचतं. चहाचा अर्क बर्फात थंड केल्याशिवाय द्रावक ओतायचा नाही, आणि फनेल उलटं करून नळी माणसांपासून दूर धरून दर काही हेलकाव्यांनी स्टॉपकॉक उघडून वाफ सोडायची. झाकण तळहाताने दाबून धरायचं. हे सगळं फ्यूम हूडमध्येच, आणि पातळ नायट्राइल हातमोज्यांतून डायक्लोरोमिथेन पटकन आरपार जातं, म्हणून ते अंगावर सांडलं तर लगेच मोजे बदलायचे.

आकाराबद्दल: फनेल दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, नाहीतर थर मिसळायला जागा उरत नाही. १०० मिली पाण्यात ६० मिली एकदम ओतलं तर २५० मिलीचं फनेल जेमतेम मर्यादेत राहतं. २० मिलीचे वाटे करणाऱ्यालाही १२५ मिलीचं पुरत नाही, पण २५० मिलीत त्याला हलवायला भरपूर मोकळी जागा मिळते. डायक्लोरोमिथेन पाण्यापेक्षा जड असल्याने खाली बसतं. ते काढलं की पाणी फनेलमध्येच राहतं आणि पुढचा वाटा वरून ओतता येतो. टोल्युइन किंवा इथर वर तरंगतं, तेव्हा दर वेळी पाणी खाली काढून, वरचा थर दुसरीकडे ओतून, पाणी परत फनेलमध्ये घालावं लागतं. असं काम जास्त असेल तर एका बाकावर दोन फनेल्स ठेवा आणि पाणी एकातून थेट दुसऱ्यात सोडा, वेळ निम्मा लागतो.