कार्ड बदलावं, की बँकेला 'स्टॉप पेमेंट' सांगावं?

सबस्क्रिप्शन रद्द करायचं बटण दाबलं की नुसतं चाक फिरतं, ईमेलला उत्तर येत नाही, आणि ठरलेल्या तारखेला क्रेडिट कार्डावरून पैसे मात्र बिनचूक कटतात. अशा वेळी दोन वाटा उरतात. कार्ड बंद करून नवीन नंबर घ्यायचा, किंवा बँकेला सांगून त्या एकाच कंपनीची वसुली थांबवायची. मी दोन्ही करून पाहिल्या आहेत.

कार्ड बदलणं झटपट होतं, कुणाला काही समजावावं लागत नाही. पण माझ्या नव्या कार्डाच्या पहिल्याच बिलात तीच कंपनी पुन्हा हजर होती, आणि तिला नवा नंबर मी दिलेला नव्हता! व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांकडेही अशी सोय आहे की बदललेला नंबर आणि मुदत कंपनीकडे आपोआप पोचते. नियमित बिलं अडू नयेत, हा त्यामागचा हेतू. गंमत अशी, की ज्या कंपन्या ही सोय वापरत नाहीत, तिथली माझी आवश्यक बिलं अडली आणि नको ती चालू राहिली. काही बँका सांगितल्यावर ही सोय बंद करतात. तुमची करत असेल तर हा पर्याय इतका वाईट नसेलही.

स्टॉप पेमेंटला फोनवर थोडा वेळ जातो. 'कार्ड ब्लॉक करू का?' असं आधी विचारलं जातं, तेव्हा ठामपणे सांगावं लागतं की कार्ड चालू ठेवा, फक्त या कंपनीला दिलेली परवानगी काढून घ्या. नाव स्टेटमेंटवर छापलंय तसंच द्यावं. ते ब्रँडच्या नावापेक्षा बरेचदा वेगळं असतं. ही बंदी ठरावीक रकमेवर लावून घेऊ नये, कारण दर थोडा वाढला की तो हप्ता निसटतो. बंदी किती काळ टिकेल तेही विचारून, तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.

वसुली थांबली म्हणजे करार संपला असं नाही. कंपनी थकबाकी मागू शकते. म्हणून आधी एक ईमेल हवाच. समजा नूतनीकरण 14 तारखेला आहे, तर 3 तारखेलाच खात्याचा ईमेल, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि 'आजपासून पैसे घेण्याची परवानगी मागे घेत आहे' एवढं लिहून पाठवावं. अडकलेल्या पानाचा स्क्रीनशॉट सोबत जोडावा.

एवढं करूनही 14 तारखेला पैसे गेले, तर व्यवहार 'पेंडिंग'मधून पक्का होऊ द्यावा आणि मग 'रद्द केलेलं सबस्क्रिप्शन' या कारणाखाली बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कटलेले पैसे परत, मागावा. 3 तारखेचा ईमेल तिथे पुरावा म्हणून चालतो. त्याआधीचे हप्ते मात्र या कारणाखाली सहसा परत मिळत नाहीत.