रिटर्न क्लेम: आठ महिने वापरल्यानंतर

मी ऑनलाइन मार्केटप्लेसवर माल विकतो. ग्राहकाकडून खराब, वापरलेला माल किंवा चक्क रिकामा डबा परत आला की मार्केटप्लेसकडे भरपाई मागता येते. आठ महिने मी ही सोय वापरतोय. सोय कामाची आहे, पण पहिले तीन महिने माझे बहुतेक क्लेम नामंजूर झाले. कारण कळलं ते एका ट्रिमरमुळे.

'चालत नाही' म्हणून ट्रिमर परत आला. डबा उघडला तर मॉडेल तेच, पण पात्यात केस अडकलेले आणि अंगावर ओरखडे. मी जवळून पाच फोटो काढून क्लेम टाकला. उत्तर आलं, पुरावा अपुरा. फार राग आला. पण तेच फोटो पुन्हा बघितल्यावर चूक दिसली. एकाही फोटोत पार्सलवरचं लेबल नव्हतं. तपासणाऱ्याच्या दृष्टीने तो ट्रिमर कुठलाही असू शकत होता.

तेव्हापासून पार्सल उघडण्याआधीच फोटो घेतो: सगळ्या बाजू, चिकटपट्टी आणि ट्रॅकिंग नंबर वाचता येईल इतकं जवळून लेबल. मग वजनकाट्यावर ठेवतो. पुढे व्हिडिओ लेबलपासून सुरू करून सिरीयल नंबर दिसेपर्यंत मध्ये कुठेही थांबवत नाही. रिकाम्या डब्याला वजन उपयोगी पडतं: पाठवताना ४२० ग्रॅम, परत आलं १३०. पण नव्याच्या जागी जुना ट्रिमर आला तर वजन जवळपास सारखंच भरतं. तिथे फक्त सिरीयल नंबर कामाला येतो, आणि तोही पाठवताना फोटो काढून ठेवला असेल तरच.

दुसरी गोष्ट रिटर्न रिपोर्टची. क्लेमची मुदत मी पार्सल उघडतो त्या दिवसापासून नाही, तर रिपोर्टमध्ये 'मिळालं' अशी नोंद होते त्या तारखेपासून मोजतात. सणाच्या गर्दीत गठ्ठा तसाच पडून राहिला आणि दोन क्लेम त्यातच गेले. आता रोज सकाळी रिपोर्ट उतरवून समोरच्या पार्सलांशी ताळा करतो. क्लेममध्ये परतीचा ट्रॅकिंग नंबर लागतो. मी एकदा पाठवतानाचा टाकला होता, तोही क्लेम परत आला.

कपड्यांसारख्या मालाला सिरीयल नंबर नसतो, त्यामुळे तिथे अजूनही अवघड जातं. मी आता नंबर घातलेला, काढला की फाटणारा स्टिकर लावतो. फायदा होतोय, पण प्रत्येक वेळी नाही.

मंजुरी मिळाली तरी सेटलमेंटमध्ये ऑर्डर आयडी शोधून रक्कम बघावीच लागते. माझ्या एका क्लेममध्ये ती विक्रीच्या किमतीपेक्षा कमी होती. तिकीट टाकून हिशेब मागितला, तेव्हा फरकाचा काही भाग मिळाला.

गेल्या महिन्यात तसाच अदलाबदल केलेला ट्रिमर पुन्हा आला. या वेळी दोन्ही सिरीयल नंबरांचे फोटो शेजारी शेजारी जोडून पाठवले. क्लेम पहिल्याच फेरीत मंजूर झाला.