‘वदनी कवळ घेता’ शिकवणारा व्हिडिओ : पाच महिन्यांच्या वापरानंतर

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना आम्ही हा ‘माझ्यामागून म्हणा’ प्रकारचा व्हिडिओ रोज रात्रीच्या जेवणाआधी लावू लागलो. त्यात बाई आधी एक तुकडा म्हणतात, तेव्हा पडद्यावर कानाचे चित्र असते; मग त्याच्या जागी तोंडाचे चित्र येते आणि चार सेकंद पूर्ण शांतता असते. दुसऱ्याच आठवड्यात मुलगी ते तोंड दिसेपर्यंत थांबू लागली; तत्पूर्वी ती बाईंच्या आवाजावरच आपला आवाज चढवत असे.

तुकडे पाडण्यात मात्र खरी जाण दिसते. हा श्लोक मालिनी वृत्तात आहे, त्यामुळे प्रत्येक चरणात आठव्या अक्षरानंतर नैसर्गिक विराम येतो. व्हिडिओ नेमका तिथेच थांबतो : ‘वदनी कवळ घेता’, मग ‘नाम घ्या श्रीहरीचे’. याआधी पाहिलेल्या एका व्हिडिओत दोन-दोन शब्दच सुटे करून दिले होते. तिला शब्द आले, चाल काही आली नाही.

अडचण तिसऱ्या चरणापासून सुरू झाली. ‘पूर्णब्रह्म’ म्हणायला तिला इतर तुकड्यांहून जास्त वेळ लागे, पण विराम सगळीकडे सारखाच असल्याने ती ‘पुन्नबम्म’पर्यंत पोहोचते तोच बाई ‘शाब्बास’ म्हणून पुढे जात. वेग 0.75 वर ठेवल्याने चार सेकंदांचे सव्वापाच झाले खरे, परंतु आवाज ओढल्यासारखा येऊ लागला. शेवटी त्या एकाच जागी व्हिडिओ हाताने थांबवणे सोयीचे पडले.

चित्रांबाबत माझे मत संमिश्र आहे. ‘कवळ’ म्हणताना घास उचलणारा हात दिसतो, ते उत्तम. पण ‘उदरभरण नोहे’ला गोल भरलेले पोट दाखवले आहे, आणि ‘नोहे’तला नकार त्या चित्रात कुठेच नाही. त्यामुळे कित्येक दिवस तिच्या लेखी त्या ओळीचा अर्थ ‘पोट भरायचे’ असाच होता, म्हणजे नेमका उलटा. ‘फुकाचे’ला तर चित्रच नाही; ती ते ‘फुग्याचे’ म्हणत असे, आणि आजोबांनी हसून दाद दिल्यामुळे ते आणखी पक्के झाले.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस ताटाशेजारी मोबाइल असल्याशिवाय ती घास घेईना, तेव्हा पडदा उलटा ठेवून नुसता आवाज लावू लागलो. पुढे तोही बंद केला. चरणाचा पहिला तुकडा मी म्हणायचा, दुसरा तिने. आता माझा तुकडा संपला की ती अजूनही माझ्या तोंडाकडे पाहत क्षणभर थांबते, मगच ‘जाणिजे यज्ञकर्म’ म्हणते.