स्टॉपलॉस ५ टक्क्यांवर लावायचा की एटीआरवर? स्विंगवाल्यांसाठी समोरासमोर

माझा मामेभाऊ सातपूरला कंपनीत आहे, शिफ्ट ड्युटी, दिवसभर स्क्रीन बघायला मिळत नाही. संध्याकाळी चार्ट बघायचा, सकाळी ऑर्डर टाकायची आणि खाली ५ टक्क्यांवर जीटीटी लावून मोकळं व्हायचं, असं त्याचं चालतं. त्याची कायमची तक्रार एकच, "दादा, माझा एसएल उडवतात आणि मग शेअर वर जातो." आता बाजारात कोणी त्याच्या शंभर शेअरांवर डोळा ठेवून बसलेलं नाही, पण तक्रार खोटी पण नाही. काही शेअरमध्ये ५ टक्क्यांचा स्टॉप खरंच उगाच उडतो, आणि काही शेअरमध्ये तोच स्टॉप इतका लांब असतो की तो लागेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

म्हणून दोन्ही पद्धती एकाच मापात बघू. खालचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, कुठल्या खऱ्या शेअरचे नाहीत, त्यामुळे टिप म्हणून वाचू नका.

आधी एटीआर म्हणजे काय ते. शेअर दिवसात साधारण किती रुपये हलतो त्याची सरासरी. वाइल्डर नावाच्या माणसाने १९७८ मध्ये हे मांडलं आणि त्याच्या डोक्यात तेव्हा कमोडिटी होत्या, ज्यात आजचा भाव कालच्या बंद भावापासून लांब कुठेतरी उघडायचा. आपल्याकडे लासलगावला कांद्याचा लिलाव कसा, काल कुठे बंद झाला आणि आज कुठे उघडेल याचा मेळच नसतो कधीकधी, तसंच. म्हणून तो नुसता दिवसाचा हाय वजा लो घेत नाही. हाय वजा लो, हाय आणि कालचा बंद भाव यातला फरक, लो आणि कालचा बंद भाव यातला फरक, या तिघांतला सगळ्यात मोठा आकडा घेतो. समजा काल शेअर ४९८ ला बंद झाला, आज ४७८ ला गॅप डाऊन उघडला, हाय ४८४, लो ४७४. हाय-लो बघितलं तर १० रुपयेच, दिवस शांत वाटेल. पण कालच्या ४९८ पासून लो २४ रुपये खाली आहे, म्हणून त्या दिवसाची ट्रू रेंज २४. ज्याने रात्रभर माल होल्ड केला त्याला २४ च लागले ना, १० नाही. स्विंगवाल्याला हा आकडा जवळचा आहे तो यासाठीच.

आता समजा दोन शेअर आहेत, दोन्ही ५०० ला. एक शांत, साबण-बिस्किटवाल्या मोठ्या कंपनीसारखा, त्याचा १४ दिवसांचा एटीआर ७ रुपये. दुसरा उड्या मारणारा, छोटा मेटलवाला टाइप, एटीआर २२ रुपये. दोन्हीत ५ टक्के म्हणजे २५ रुपये, स्टॉप ४७५.

शांतवाल्यात २५ भागिले ७, म्हणजे तुमचा स्टॉप साडेतीन एटीआरहून जास्त लांब. उड्यावाल्यात २५ भागिले २२, म्हणजे जेमतेम सव्वा एटीआरच्या आत. म्हणजे उड्यावाला नेहमीच्या दोन सुस्त दिवसांत, काहीही न बिघडता, सहज ४७५ ला टेकून येऊ शकतो. मामेभावाचे "उडवलेले" एसएल बहुतेक असे असतात. हा भागाकार करायला ना पैसे लागतात ना कोर्स, आज संध्याकाळी तुमच्या जुन्या उडालेल्या ट्रेडवर करून बघा. एंट्रीच्या आदल्या दिवशीचा एटीआर घ्या आणि स्टॉपचं अंतर त्याने भागा. उत्तर वारंवार दीडच्या खाली येत असेल तर तुमची एंट्री कदाचित बरी होती, फक्त स्टॉप शेअरच्या रोजच्या हालचालीच्या आत होता.

आता २ एटीआरचा स्टॉप लावला तर काय होतं ते बघू. इथे एक गोष्ट पक्की धरतो, एका ट्रेडमध्ये गेले तर ३,००० जातील, त्यापेक्षा जास्त नाही.

| | शांत शेअर | उड्यावाला |
|---|---|---|
| ५% स्टॉप | ४७५ | ४७५ |
| क्वांटिटी | १२० | १२० |
| अडकणारे पैसे | ६०,००० | ६०,००० |
| २ एटीआर स्टॉप | ४८६ | ४५६ |
| क्वांटिटी | २१४ | ६८ |
| अडकणारे पैसे | १,०७,००० | ३४,००० |

क्वांटिटी कशी आली तर ३,००० भागिले स्टॉपचं अंतर, शांतवाल्यात १४ रुपये, उड्यावाल्यात ४४ रुपये. बस एवढंच.

आणि इथेच बहुतेक लोक गडबड करतात. एटीआरचा स्टॉप घेतात पण क्वांटिटी जुनीच ठेवतात, "प्रत्येक शेअरमध्ये ५०,०००" वगैरे. मग १०० शेअरवर शांतवाल्यात तोटा १,४०० आणि उड्यावाल्यात ४,४००. म्हणजे जो शेअर जास्त नाचतो त्यातच तिप्पट मार. त्यापेक्षा ५ टक्के बरे, तिथे निदान दोन्हीकडे २,५०० च जातात! माझं स्पष्ट मत आहे, क्वांटिटी बदलायची तयारी नसेल तर एटीआरच्या वाटेला जाऊच नका. अर्धी पद्धत उचलली की ती उलटी बसते.

शांतवाल्यात फायदा कुठे दिसतो ते पण सांगतो. शेअर ५०० वरून ५२८ ला गेला तर १२० शेअरवर ३,३६० मिळतात, २१४ वर जवळपास ६,०००. धोका तेवढाच धरलेला, ३,००० चाच. अर्थात ४८६ चा स्टॉप ४७५ पेक्षा जास्त वेळा लागणार हे उघड आहे, फुकट काही नाही.

पण त्या १,०७,००० कडे परत बघा. तुमचं सगळं भांडवल ३ लाख असेल तर एका शेअरमध्ये तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसे गेले, तेही "शांत आहे" म्हणून. आणि शांत शेअरचा तिमाही रिझल्ट खराब आला, सकाळी ४७० ला उघडला, तर तुमचा ४८६ चा स्टॉप काय करणार? ३० रुपये गुणिले २१४, सरळ ६,४२० गेले, ठरवलेल्याच्या दुप्पट. ५ टक्केवाल्याचे तिथे ३,६०० जातात. एटीआरला रिझल्टची तारीख माहीत नसते, तो फक्त मागचं बघतो. म्हणून एका शेअरमध्ये भांडवलाच्या २० टक्क्यांच्या वर पैसे टाकायचे नाहीत अशी टोपी वरून घालावी लागते, गणित २१४ म्हणो की आणखी काही. इथे तीन लाखांवर ६०,००० ची मर्यादा आली की क्वांटिटी पुन्हा १२० च होते, फक्त स्टॉप ४८६ ला राहतो आणि धोका १,६८० वर येतो. चालतंय की.

मागचं बघतो म्हणजे किती हळू बघतो, तर बघा. मूळ पद्धतीत कालचा एटीआर गुणिले १३, अधिक आजची ट्रू रेंज, भागिले १४. एटीआर १२ असताना २४ चा दुप्पट दिवस आला तरी नवा आकडा १२.८६ च होतो. बाजार अचानक तापला तर पहिले काही दिवस तुमचा स्टॉप गरजेपेक्षा जवळ राहतो, आणि सगळं थंड झाल्यावर बरेच दिवस उगाच लांब.

ट्रेडिंगव्ह्यूवर इंडिकेटरमध्ये Average True Range शोधा, Length १४ आणि Smoothing मध्ये RMA असतंच, ते तसंच राहू द्या. दुसऱ्या कुठल्या ॲपवर आकडा थोडा वेगळा दिसला तर बहुतेक तिथे साधी सरासरी लावलेली असते, घाबरायचं कारण नाही, फक्त एकच ॲप धरून चाला. डेली कँडलवर ट्रेड घेत असाल तर एटीआर पण डेलीच, १५ मिनिटांचा चार्ट उघडा असताना तिथला आकडा उचललात तर स्टॉप अगदी नाकासमोर येईल. आकडा कालच्या पूर्ण झालेल्या कँडलचा घ्यायचा, आजचा अजून हलत असतो. आणि नुकताच बोनस किंवा स्प्लिट झाला असेल तर चार्ट जुळवून घेतलेला आहे ना ते बघा, नाहीतर १,००० चा शेअर ५०० ला आलेला दिसतो आणि एटीआर एका दिवसात आभाळाला भिडतो.

एक पळवाट तर हमखास सुचते. शेअर पडायला लागला की रोजच्या रेंज मोठ्या होतात, एटीआर वाढतो, मग वाटतं की २ एटीआर आता ५२ झाले, स्टॉप थोडा खाली सरकवू. अजिबात नाही. एंट्रीच्या दिवशी जो ठरला तो खाली जात नाही, वर सरकवायचा तर सरकवा. हे जमत नसेल तर ५ टक्क्यांचा स्टॉपच बरा, त्यात निदान सबब सापडत नाही.

आता कोणी म्हणेल की ते २ तरी कुठून आणलं, ते पण मनाचंच ना. बरोबर आहे. दीड, दोन, तीन, लोक आपापल्या सवयीने घेतात, चँडेलियर एक्झिटमध्ये तर २२ दिवसांचा एटीआर आणि ३ पट असतं. फरक एवढाच की २ हा आकडा दोन्ही शेअरना एकाच मापाने लागू होतो, ५ टक्के होत नाही. पण ४४ रुपयांचा स्टॉप लावून ३० रुपयांचं टार्गेट ठेवणार असाल तर गणित पहिल्याच पायरीवर फसलं, अशा ट्रेडमध्ये जायचंच नाही. माझ्या मते एटीआर स्टॉपचा हा एक छुपा उपयोग आहे, निम्मे ट्रेड तिथेच गळतात.

मग कोणी काय घ्यावं? तुम्ही फक्त निफ्टीचा ईटीएफ किंवा एकसारखे हलणारे चार-पाच मोठे शेअर करत असाल तर टक्केवारी चालेल, फक्त ती एकदा एटीआरने भागून दोनच्या आसपास येते का ते बघून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी परत बघा. यादीत साबणवाला पण आहे आणि मेटलवाला पण, तर एटीआर घ्या आणि क्वांटिटी त्यातूनच काढा. मामेभावाला मी हेच सांगितलं, कारण त्याच्या यादीत सगळा मसाला आहे. वर हे पण बजावलं की जीटीटी बऱ्याच ब्रोकरकडे लिमिट ऑर्डर टाकते. ट्रिगर ४५६ आणि लिमिट पण ४५६ ठेवलं आणि शेअर ४४८ ला उघडला तर ऑर्डर नुसती लटकत राहते आणि तुम्ही तिकडे शॉप फ्लोअरवर. लिमिट थोडं खाली ठेवायचं, ४५० वगैरे, आणि तरीही गॅप त्याच्या खाली असेल तर लंच ब्रेकमध्ये फोन उघडून हाताने विकायचं. आणि जे शेअर ५ टक्क्यांच्या सर्किटमध्ये आहेत ते दोन्ही पद्धतींतून बाहेरच ठेवा. लोअर सर्किटला घेणाराच नसतो, मग स्टॉप ४७५ ला लावा नाहीतर ४५६ ला.