सगळे रिपोर्ट नॉर्मल: थांबायचं, आययूआय करायचं की थेट आयव्हीएफ?

वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहणारी माझी भाची ३१ वर्षांची आहे. दीड वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहत नव्हते. पाळी नियमित, नळ्या मोकळ्या, नवऱ्याचा वीर्य तपासणीचा रिपोर्ट चांगला. डॉक्टरांनी आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडायचा उपचार, सुचवलं, आणि तिने मला विचारलं, "मावशी, थांबू की करू?"

खरं तर उत्तर तिच्या वयात आणि किती दिवस प्रयत्न चालू आहेत यात आहे. नेदरलँड्समधल्या २००६च्या एका अभ्यासात, आपोआप दिवस राहण्याची मध्यम शक्यता असलेल्या जोडप्यांचे दोन गट केले होते. सहा महिन्यांनी बीज वाढवायच्या इंजेक्शनांसह आययूआय केलेल्यांत २३ टक्के, तर नुसत्या थांबलेल्यांत २७ टक्के गर्भधारणा टिकून होत्या. म्हणजे उपचाराने काही वाढलं नाही. न्यूझीलंडच्या २०१८च्या अभ्यासात मात्र गोळ्या घेऊन आययूआयच्या तीन सायकल केलेल्यांपैकी ३१ टक्के स्त्रियांना मूल झालं, थांबलेल्यांपैकी फक्त ९ टक्के. हे दोन निकाल एकमेकांना खोडत नाहीत. दुसऱ्या अभ्यासातल्या जोडप्यांची आपोआप दिवस राहण्याची शक्यता मुळातच कमी होती. म्हणून भाचीला मी सहा महिने थांब म्हटलं. तिची ३७ वर्षांची नणंद तीन वर्षं वाट पाहतेय, तिला मात्र आणखी थांबू नको असं सांगितलं.

आययूआय करायचंच, तर गोळ्यांसह. नुसतं वीर्य आत सोडून फारसा फायदा होत नाही. साधारण पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोल किंवा क्लोमिफेन देतात, मग सोनोग्राफीत फॉलिकल, म्हणजे बीजाची पिशवी, वाढताना पाहतात. ते १८ ते २० मिलिमीटरचं झालं की बीज फुटायचं इंजेक्शन, आणि साधारण ३६ तासांनी आययूआय. तीन किंवा जास्त फॉलिकल वाढली तर जुळ्या-तिळ्यांचा धोका असतो. अशा वेळी ती सायकल सोडून द्यायला डॉक्टर सांगतील, आणि ते ऐकावं, कितीही जिवावर आलं तरी. गोळ्यांऐवजी बीज वाढवायची इंजेक्शनं घेतली तर हा धोका आणखी वाढतो, म्हणून मी गोळ्यांच्या बाजूने आहे.

तीन-चार सायकलमध्ये जमलं नाही, की आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर फलन करून गर्भ आत सोडणं. खर्च आणि शरीराला त्रास जास्त, पण प्रत्येक सायकलमागे शक्यताही जास्त. शिवाय एक गोष्ट तिथेच कळते: बीज आणि शुक्राणू एकत्र ठेवूनही फलन होत नसेल, तर रिपोर्टात न दिसलेलं कारण हाती लागतं. वीर्य चांगलं असताना पहिल्याच वेळी इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू सुईने बीजात सोडणं, करण्याने मूल होण्याची शक्यता वाढलेली दिसलेली नाही. सुचवलं तर कारण विचारा.

नणंदेची पहिली सायकल याच पाळीला सुरू होतेय. तीन आययूआयनंतर थेट आयव्हीएफ, चौथं नाही, हे तिने आणि नवऱ्याने आधीच ठरवलंय. भाची दिवाळीपर्यंत थांबणार आहे.