पॉलिशचा रंग ग्राहकाला पटला नाही: बिलात सूट द्यावी की पुन्हा पॉलिश?

ऑर्डरचं फर्निचर करणाऱ्यांना हा प्रसंग ओळखीचा असेल. माप बरोबर, जोड पक्के, ड्रॉवर सुरळीत, आणि तरी ग्राहक म्हणतो, "मला असं नव्हतं हवं." अशा वेळी हातात दोन मार्ग असतात. बिलातून काही रक्कम कमी करायची किंवा काम परत घेऊन दुरुस्त करून द्यायचं. मी दोन्ही केलेलं आहे.

एक उदाहरण घेऊ. साग विनिअरचा डबल बेड, किंमत 85,000, त्यातले 25,000 यायचे बाकी. ताईंनी मोबाइलवर गडद अक्रोडी शेडचा फोटो पाठवला होता. आमच्याकडून शेड तीच लागली, पण सागाचा मूळचा पिवळेपणा खालून वर आला आणि हेडबोर्ड तांबूस दिसायला लागला. त्यात बेडरूममध्ये पिवळसर एलईडी. त्या म्हणाल्या, "दादा, दहा हजार कमी करा, मी ठेवून घेते."

सूट देणं सोपं वाटतं, आणि हिशोबानेही फारसं वाईट नसतं. टेम्पोची ये-जा, पॉलिशवाला आणि मदतनीस यांची दोन दिवसांची हजेरी, पीयू आणि थिनर धरून पुन्हा पॉलिश माझ्याकडे साधारण 8,000 पर्यंत जातं. म्हणजे दोन्हीकडे फरक थोडाच. घरात लग्न किंवा वास्तुशांत चार दिवसांवर असेल, तर सूटच बरी. एक दिवसाची पाहुण्यांची गर्दी असताना बेड उचलून नेणं कुणालाच परवडत नाही.

पण मला सूट नकोशी झाली ती एका गोष्टीमुळे. सूट दिली की तक्रार संपत नाही, पसरते. पैसे कमी केले म्हणजे कामात खोट आहे हे तुम्हीच मान्य केलंत, असा अर्थ ग्राहक काढतो, आणि मग तो पूर्ण बेड त्या नजरेने तपासू लागतो. आठवडाभराने फोन येतो की ड्रॉवर वाजतो. मग लिपिंगला एक गाठ दिसते. उरलेली बाकी तेवढ्यासाठी अडकते आणि "अजून दोन हजार बघा ना" सुरू होतं. इकडे रंग मात्र तांबूसच असतो. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो आणि प्रत्येकाला तुमचं नाव कळतं. पुन्हा पॉलिशला घेतलं की बोलणं एकाच मुद्द्यावर राहतं: रंग जमला का? जमला की बाकी मिळते. मला तरी हाच अनुभव जास्त वेळा आला आहे. दुसऱ्याचं वेगळं असू शकेल.

अर्थात, पुन्हा पॉलिश प्रत्येक वेळी शक्य नसतं. बाजारातल्या विनिअरचा वरचा थर साधारण अर्धा मिलिमीटर असतो. फिनिश काढायला मशीन फिरवली की कडेला तो उडतो आणि खालचा प्लाय दिसतो. म्हणून विनिअरवर गडद करणं जमतं, फिकं करणं टाळावं. भरीव सागाला हे भय नाही, तिथे पूर्ण घासून नव्याने सुरुवात करता येते. ग्राहकाला फिकटच हवं असेल आणि माल विनिअरचा असेल, तर हेडबोर्डचं पॅनेल बदलावं लागतं. तो खर्च वेगळा, आणि तिथे सूटच सांगावी.

वरच्या बेडला गडद करायचं होतं, म्हणून सोपं गेलं. आधी बेड दिवसा, दिवे बंद करून ताईंना दाखवला. खिडकीच्या उजेडात तांबूसपणा बराच कमी दिसला, हे त्यांनीही मानलं. उरला तो घालवायला त्याच विनिअरच्या फूटभर तुकड्यावर आधी तोच जुना फिनिश दिला, 320 च्या पेपरने हलकं घासलं, पीयूमध्ये अक्रोडी टिंट आणि लाली मारायला किंचित हिरवा-काळा घालून एक हात मारला. वर क्लिअर. तो तुकडा दोन दिवस त्यांच्याच खोलीत ठेवायला दिला, रात्रीच्या दिव्यातही बघू दिला. पसंत पडल्यावर मागे त्यांची सही घेतली आणि मगच बेड वर्कशॉपला आणला. घरात पीयू मारू नये. वास राहतो आणि धूळ बसते.

उचलण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी जरूर पाठवा: काय बदलणार, किती दिवसांत, आणि हे झाल्यावर बाकी रक्कम द्यायची. "बरोबर" असं उत्तर आल्याशिवाय टेम्पो बोलावू नका.