नऊ टक्क्यांचं कर्ज मला जवळपास वीस टक्क्यांना पडलं

2023 साली भाजीच्या धंद्यासाठी मी जुनी पिकअप घेतली. तीन लाखांचं कर्ज हवं होतं, मुदत तीन वर्षं. बँकेने व्याज 13 टक्के सांगितलं. जुन्या गाड्यांच्या बाजारात बसलेला फायनान्सचा एजंट म्हणाला, "दादा, बँकेत कशाला जाता? आमच्याकडे नऊच टक्के. शेकडा पाऊण रुपया धरा. कागद आजच्या आज."

शेकडा पाऊण रुपया हे ऐकूनच मी भुललो. आमच्याकडे उसनवारीत शेकडा दीड-दोन रुपये सर्रास चालतात. पण तिथे घेतलेले पैसे परत करेपर्यंत पूर्ण आपल्याकडे असतात, म्हणून तो दर खरा असतो. इथे मी दर महिन्याला मुद्दलही फेडणार होतो. तरी व्याज मात्र तिन्ही वर्षं पूर्ण तीन लाखांवरच धरलं होतं. याला फ्लॅट रेट म्हणतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

त्यांचा हिशेब असा होता: तीन लाखांवर 9 टक्के, म्हणजे वर्षाला 27,000 आणि तीन वर्षांचे 81,000. मुद्दलात मिळवून 3,81,000, भागिले 36, हप्ता 10,583. बँकेच्या 13 टक्क्यांचा हप्ता 10,108 बसत होता, कारण बँक उरलेल्या मुद्दलावर व्याज लावते, ज्याला रिड्युसिंग बॅलन्स म्हणतात. म्हणजे "स्वस्त" कर्जाचा हप्ता 475 रुपयांनी जास्त होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवले असते तर तिथेच कळलं असतं. मी टक्केच बघत बसलो.

सही झाल्यावर प्रोसेसिंग फी जीएसटीसह 9,000 आणि विम्याचे 6,000 कापले. गाडीवाल्याला 2,85,000 पोहोचले, उरलेले 15,000 मी खिशातून भरले. हप्ता मात्र तीन लाखांचाच राहिला.

डोळे उघडले ते वर्षभराने. बारा हप्ते वेळेवर भरले होते, हाती थोडे पैसे आले होते, म्हटलं कर्ज एकदम मिटवून टाकू. माझ्या मते तीन लाखांतलं एक तृतीयांश मुद्दल फिटलं होतं, म्हणजे दोन लाख उरायला हवे होते. कंपनीने सुमारे 2,15,600 बाकी दाखवली, मुदतीआधी फेडण्याचा दंड वेगळाच. मी भांडलो, तेव्हा त्यांनी परतफेडीचा तक्ता पुढे ठेवला. त्यात पहिल्या हप्त्यांत व्याज जास्त आणि मुद्दल कमी होतं. कर्ज विकताना फ्लॅट आणि बाकी काढताना रिड्युसिंग. त्यांच्या स्वतःच्या तक्त्यातला दर सव्वासोळा टक्के होता!

घरी भाचीने एक्सेलमध्ये सगळं मांडून दाखवलं. ती म्हणाली, "मामा, त्यांनी सांगितलेला टक्का विसरा. हातात पडलेली रक्कम, हप्ता आणि महिने एवढंच घ्या."

```
=RATE(36,-10583,285000)*12
=RATE(36,-10108,296460)*12
```

आधी महिने, मग हप्ता (बाहेर जाणारा, म्हणून उणे), शेवटी खरोखर मिळालेली रक्कम. बँकेची फी जीएसटीसह 3,540 होती, म्हणून तिथे 2,96,460. उत्तर टक्क्यांच्या रूपात दिसत नसेल तर 100 ने गुणायचं. माझ्या कर्जाचं उत्तर आलं 19.9 टक्के, बँकेचं 13.8. नुसता व्याजदर सव्वासोळा होता. कापलेल्या पंधरा हजारांनी तो विसाला टेकला. बँकेपेक्षा मी एकूण साडेअठ्ठावीस हजार जास्त मोजले, आणि त्यातले साडेअकरा हजार तर पहिल्याच दिवशी गेले होते.

संगणक नसेल तर तीन वर्षांच्या कर्जाला फ्लॅट दर अंदाजे 1.8 ने गुणावा. नऊचे 16.2 होतात. पण हा ठोकताळा फी आणि विमा धरत नाही, मुदत खूप लांब असेल तर तो थोडा चुकतोही. एजंटसमोर उभं असताना मात्र एवढं पुरतं.

माझं कर्ज झालं तेव्हा नव्हती ती सोय आता आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या रिटेल कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सही आधीच 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात फी आणि विमा धरून एपीआर, म्हणजे वर्षाचा खरा खर्च, लिहिलेला असतो. एजंट "नंतर पाठवतो" म्हणाला तर सही करू नका. कागद हातात आल्यावर दोन ठिकाणचे एपीआर शेजारी ठेवा, आणि त्यातली हातात पडणारी रक्कम खरंच तेवढी मिळणार आहे का ते विचारा. माझ्याकडून पंधरा हजार कापताना कोणी आधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.